आधी मोजणी, मग गप्पा

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे, आणि ती कुठल्या शाळेत शिकवतही नव्हती. लहानपणापासून बापाला टोकायची सवय, म्हणून बापानेच ठेवलेलं ते नाव. पुढे ते नवऱ्याच्या तोंडी बसलं, सासूच्या बसलं आणि विद्यापीठातल्या मैत्रिणींच्याही बसलं. तिने विरोध करून पाहिला, पण तोही अशा काही ठसक्यात केला, की नाव जास्तच पक्कं झालं.

रोज संध्याकाळी विभागातून घरी निघताना ती वडिलांना फोन करायची. आई गेल्यापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत होते. फोन उचलला गेला की आधी ऐकू यायचा तो टीव्ही. चारपाच माणसं एकदम ओरडताहेत, खाली ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि त्या सगळ्यातून वाट काढत येणारा वडिलांचा शांत आवाज.

"बोल, मास्तरीण."

"बाबा, टीव्ही चालूच आहे अजून?"

"बातम्या आहेत."

"सकाळपासून बातम्याच आहेत. नवीन काय घडलं?"

"ते कळावं म्हणून तर चालू ठेवलाय."

झालं. मग तिची गाडी सुटायची. डोळे, कान, डोकं, रक्तदाब, विजेचं बिल, शेजाऱ्यांची झोप, सगळ्यांचा हिशेब निघायचा. वडील मधूनमधून "हं" म्हणायचे, मधेच मुद्दाम काडी टाकायचे, आणि ती आणखी चिडायची. घराचा जिना चढेपर्यंत हे चालायचं. नवरा दार उघडताना तिचा चेहरा बघूनच विचारायचा, "आज चर्चेत कोण जिंकलं?"

आता याच बाईने पीएचडीला विषय कोणता घ्यावा? टीव्हीवरच्या बातम्या जास्त तास बघणाऱ्यांना जगात काय चाललंय ते जास्त कळतं का! विचारलं तर ती म्हणायची, माध्यमांच्या अभ्यासातला हा फार जुना आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. ते खरंच होतं. पण खरं कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत बसून रिमोट सांभाळत होतं, हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

अभ्यासाचे दोन भाग होते. आधी पाहणी, म्हणजे प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचं. मग त्यातल्याच काही लोकांच्या निवांत मुलाखती. पाहणीचं काम कॉलेजातल्या मुलांनी केलं. घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडली, जवळजवळ चारशे. घरात टीव्हीवर बातम्या किती तास चालतात ते विचारलं, आणि गेल्या आठवड्यातल्या बातम्यांवर पाच सोपे प्रश्न टाकले. प्रश्नावलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. पुन्हा भेटायला हरकत नसेल त्याने फोन नंबर त्याच क्रमांकाच्या वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचा, आणि त्या चिठ्ठ्या मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात कुलपात. मास्तरणीला सगळं रीतसर लागायचं, आणि ते तिने रीतसरच केलं होतं.

आकडे आले आणि समितीसमोर ठेवले. समितीत मॅडम सोडून दोघं. एक संख्याशास्त्राचे, ज्यांना सगळा विभाग आकडेसर म्हणे. त्यांना चहात साखर किती हेसुद्धा सरासरीत सांगायची सवय. दुसऱ्या मुलाखतबाई. त्यांनी आयुष्य लोकांशी बोलण्यात घालवलं होतं आणि चारपेक्षा जास्त माणसांचा एकदम विचार करणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, पण मास्तरणीचा प्रस्ताव बघून त्या दिवशी दोघांचंही डोकं फिरलं. तेवढ्यापुरती एकी झाली.

"रेषा बघा किती छान वर चाललीय," आकडेसर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "तास वाढले की बरोबर उत्तरं थोडीथोडी वाढताहेत. आणि टोकाला हे काय? हे एकोणीस जण. दिवसभर बातम्या चालू, आणि पाचातलं एकही उत्तर धड नाही. काहीतरी ठोकून दिलंय यांनी. काढून टाका. आउटलायर आहेत, रांगेबाहेरचे."

"माणसं आहेत ती," मुलाखतबाई म्हणाल्या. "पण चूक यांची नाही, तुमची आहे. घरात टीव्ही कशासाठी लावतात हे माहीत नसताना तुम्ही तास मोजत सुटलात. आधी बोलायचं होतं आणि मग प्रश्न बनवायचे होते. सगळं उलटं केलंत."

"आणि दुसरं," आकडेसर म्हणाले, "चौथ्या प्रकरणात पाहणी, पाचव्यात मुलाखती. मग एकत्र काय येतंय? पुस्तकाची बांधणी?"

यावर मॅडमही हसल्या. त्या विद्यार्थ्यांना पाठीशी घालत, पण खोटं कधी बोलत नसत. "दोन्ही प्रकरणं शेजारीशेजारी राहतात खरी," त्या म्हणाल्या, "पण वाटीभर साखर मागायलासुद्धा एकमेकांकडे जात नाहीत."

मास्तरणीची कानशिलं तापली. शेवटी असं ठरलं, की मुलाखती घ्याव्यात, पण पुढच्या बैठकीत दोन गोष्टी पटवाव्यात. पाहणी आधी आणि मुलाखती नंतर असाच क्रम का, आणि दोन्हींची गाठ नेमकी कुठे पडते. नाही पटलं, तर प्रबंध नुसत्या पाहणीवर होईल, आणि ते एकोणीस जण बाहेर जातील.

संशोधकांच्या खोलीत येऊन तिने फाईल आपटली. खोलीत तिच्या शेजारच्या टेबलावर बडबडी बसायची. ही मैत्रीण नावाप्रमाणे दिवसभर बोलायची, पण मुलाखत घ्यायला बसली की तोंडातून चकार शब्द काढत नसे. समोरचा बोलता बोलता दमायचा, थांबायचा, मग ही नुसती मान हलवायची आणि तो पुन्हा सुरू. ही कला मास्तरणीला आयुष्यात जमली नव्हती.

"काढून टाका म्हणे!" मास्तरीण फणफणली. "एकोणीस माणसं दिवसभर बातम्या लावून बसतात आणि त्यांना काहीच माहीत नसतं, हीच तर गंमत आहे ना सगळ्या अभ्यासातली!"

"मग जा आणि विचार त्यांना," बडबडी म्हणाली. "इथे माझ्यावर का ओरडतेस?"

तिने तेच केलं. एकोणिसांपैकी ज्यांनी पुन्हा भेटायला होकार दिला होता त्यांतून आठ क्रमांक निवडले. तुलनेसाठी चार क्रमांक असे घेतले, की ज्यांच्याकडेही दिवसभर बातम्या चालतात, पण उत्तरं सगळी बरोबर. प्रश्नही आता हवेतून काढायचे नव्हते. जिथे आकडे अडखळले होते, तिथेच बोट ठेवून विचारायचं होतं. "काल दुपारी टीव्ही चालू होता तेव्हा तुम्ही काय करत होता, सांगाल?" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसायचं हे तिने कागदावर लाल शाईने लिहून ठेवलं.

मॅडमनी कपाट उघडलं, बारा चिठ्ठ्या काढून दिल्या. मास्तरीण खोलीत बसून एकेक नंबर लावू लागली. पहिल्या बाईंनी या म्हटलं. दुसऱ्यांनीही या म्हटलं. तिसरा नंबर तिने चिठ्ठीवरून बघत बघत दाबला, फोन कानाला लावणार तोच पडद्यावर अक्षरं उमटली: बाबा.

तिने फोन असा बंद केला, जणू चटका बसला. आजकाल स्वतःच्या बापाचा नंबर कुणाला पाठ असतो?

"काय गं?" बडबडीने विचारलं.

"आउटलायर," मास्तरीण म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिला आठवलं, की बाबांनाच काढून टाका, असं आकडेसर म्हणत होते. मग हसू ओसरलं. दिवसभर बातम्या चालू असणाऱ्या त्या घरात बापाला पाचातलं एकही उत्तर आलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजलाच. "फोन केलास आणि ठेवलास? या वेळेला? काय झालं?"

तिने खरं ते सांगितलं. मुलगा आला होता ना प्रश्न विचारायला, तो आमचाच. पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला, कोणीतरी कोणाचातरी निषेध करत होतं.

"म्हणजे तू मला नापास केलंस," वडील म्हणाले.

"नापास नाही हो बाबा, ते..."

"पाचात शून्य म्हणजे नापास. मला काय कळत नाही?"

मॅडमसमोर हा पेच आला तेव्हा त्या चष्मा पुसत बसल्या. मास्तरणीचा आपला प्रस्ताव तयार होता: वडिलांचा क्रमांक वगळून दुसरा घ्यावा.

"का? तुझे वडील म्हणून?" मॅडम म्हणाल्या. "चिठ्ठ्या टाकून घर निवडलंस, तेव्हा कुठे विचारलं होतंस कोणाचं घर ते? वडील आहेत म्हणून घ्यायचं नाही आणि वडील आहेत म्हणून काढायचंही नाही. फक्त मुलाखत तू घ्यायची नाहीस. आणि ते काय बोलले हे तू वाचायचं की नाही, हे त्यांना विचारायचं. प्रबंधात हे सगळं स्पष्ट लिहायचं. लपवलंस तर मी सही करणार नाही."

म्हणून वडिलांकडे बडबडी गेली. जाताना मास्तरणीने तिला हजार सूचना दिल्या. त्यांना चहा कमी दूध घालून लागतो, मोठ्याने बोल, पाठीला उशी दे. बडबडीने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काही केलं नाही.

बाकीच्या मुलाखतींना मास्तरीण स्वतः गेली, आणि पहिल्यांदाच जीभ दाताखाली धरून बसली. एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या छोट्याशा खोलीत मशीन, कापडाचे ढीग आणि भिंतीवर ओरडणारा निवेदक. "घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे," त्या म्हणाल्या. मग बातम्याच का, मालिका का नाही, असं विचारल्यावर त्यांनी सुई तोंडातून काढली. "मालिकेकडे लक्ष द्यावं लागतं हो. बाही उलटी लागते. बातम्यांकडे बघितलं नाही तरी चालतं." एक गृहस्थ सबंध दिवस कामावर असत आणि टीव्ही लावून जात, चोराला वाटावं आत माणसं भांडताहेत. रात्रपाळीचा एक पहारेकरी दिवसा बातम्या लावल्याशिवाय झोपूच शकत नव्हता. टीव्ही बंद केला की दचकून जागा व्हायचा.

आणि ते तुलनेचे चौघे? त्यांच्या घरीही टीव्ही दिवसभर चालू, पण ते समोर बसत, निवेदकाशी वाद घालत, मुलांना हाका मारून बोलावत. त्यांचे तास आणि शिवणाऱ्या बाईंचे तास प्रश्नावलीत अगदी सारखे होते. घरात मात्र जमीनअस्मानाचा फरक.

हे सगळं टिपताना मास्तरणीच्या मनात एक खूणगाठ हळूहळू पक्की बसत गेली. मुलाखतबाई म्हणाल्या तेही खरं होतं. तिचा प्रश्न चालू टीव्ही मोजत होता, पाहणारी माणसं नव्हे. पण तरी क्रम उलटा नव्हता. का, हे तिला जवळजवळ कळलं होतं.

बैठकीच्या सकाळी बडबडीने तिच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला त्याचं बोलणं लिहून वाचायला द्यायचं आणि खोडायचं ते खोडू द्यायचं, असा अभ्यासाचा नियम होता. वडिलांकडची प्रत काल परत आली होती.

"वाचायची परवानगी दिलीय त्यांनी," बडबडी म्हणाली. "पण आधी शेवटचं पान बघ."

शेवटच्या पानावर एका परिच्छेदाभोवती पेन्सिलीने चौकट केली होती. पट्टी लावून केलेली, सरळ. बाजूला वडिलांचं तिरपं अक्षर होतं: "एवढं अभ्यासात घालू नये. मुलीला वाचायला द्यावं."

चौकटीत लिहिलं होतं:

"मी कुठे बघतो बातम्या? मला त्यांचा आवाज सहन होत नाही, दिवसभर आवाज बारीक करून ठेवतो. चित्रं नुसती हलत असतात. संध्याकाळी तिच्या फोनची वेळ झाली की मोठा करतो. एकदा टीव्ही बिघडला होता. त्या आठवड्यात ती रोज विचारायची, जेवलात का, गोळी घेतली का, बरं मग ठेवते. दोन मिनिटांत संपायचं. काय बोलायचं तिलाही सुचायचं नाही, मलाही नाही. आमच्या घरात बोलायचं काम तिच्या आईकडे होतं. टीव्ही चालू असला की ती भांडते. घर येईपर्यंत भांडते. कधी कधी जिन्यातसुद्धा थांबून भांडते. आता तिच्या अभ्यासात हे कुठे बसवणार? हसतील लोक तिला."

मास्तरणीने ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. बडबडी, जी दिवसभर बोलायची, ती आज मुलाखतीत बसल्यासारखी गप्प होती.

"टीव्ही दुरुस्त करायला माणूस मीच पाठवला होता," मास्तरीण शेवटी म्हणाली. "वर म्हटलं, आता कमी बघा."

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, एक पंखा होता आणि तो कधीही एका वेगाने फिरत नसे. मास्तरीण उभी राहिली. तिने आधी मुलाखतबाईंकडे बघितलं.

"बाई, तुम्ही म्हणालात आधी बोलायला हवं होतं. माझा तासांचा प्रश्न कच्चा होता, हे मला मुलाखतींनीच सांगितलं. ते मी प्रबंधात कबूल करणार आहे. पण आधी बोलायला निघाले असते, तर कुणाशी बोलले असते? बातम्यांबद्दल बोलायला उत्सुक असतात त्यांच्याशी. शिवणाऱ्या बाईंना मी विचारलंच नसतं, कारण त्या बातम्या बघतच नाहीत. त्या कुठल्याच यादीत बसत नव्हत्या. त्या मला सापडल्या, त्या आकड्यांमधल्या एका विचित्र खड्ड्यामुळे. पाहणीने खड्डा दाखवला, मुलाखतींनी त्यात काय आहे ते सांगितलं. म्हणून हा क्रम."

मुलाखतबाईंनी मान हलवली. होकार होता की नुसती मान, ते कळत नव्हतं.

मग ती आकडेसरांकडे वळली. "सर, ते एकोणीस जण खोटं बोलले नाहीत. त्यांनी विचारलं तेवढंच प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांना काढलं तर रेषा सुंदर दिसेल, पण ती खरी नसेल. मात्र मी जेमतेम डझनभर लोकांशी बोललेय. असे लोक शहरात किती, हे मला यावरून सांगता येणार नाही, आणि मी सांगणारही नाही. म्हणून पाहणीतल्या ज्यांनी ज्यांनी पुन्हा भेटायला होकार दिला, त्या सगळ्यांकडे एक छोटा फेरा पुन्हा करायचा. दोनच प्रश्न. टीव्ही चालू असतो तेव्हा खोलीत कोण असतं, आणि तुम्ही काय करत असता. हे प्रश्न मुलाखतींमधून आलेत. मग बघणाऱ्यांचे तास आणि नुसते चालू असण्याचे तास वेगळे काढून रेषा पुन्हा मांडायची."

"होकार देणारे आणि न देणारे सारखे नसतात," आकडेसर म्हणाले.

"नसतात. दोघांची तुलना करून तो फरक लिहिणार आहे."

आकडेसरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान दिसलं. "आणि गाठ कुठे पडते?"

तिने तक्ता पडद्यावर टाकला. डावीकडे आकडे, मधे लोकांची वाक्यं, आणि उजवीकडे दोन्ही मिळून काय म्हणतात ते. कुठे दोन्ही जुळत होती, कुठे एकाने दुसऱ्यात भर घातली होती. एका ओळीत दोन्ही सरळ एकमेकांच्या विरुद्ध होती, आणि तिथे तिने तसंच लिहिलं होतं: जुळत नाही. चौथं आणि पाचवं प्रकरण संपून आता एकच प्रकरण झालं होतं. मॅडम पुटपुटल्या, "आता एकाच चुलीवर शिजतंय."

मुलाखतबाई मात्र तक्त्याच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं, पण वाक्यं मोजता येत होती. "भरपूर तास आणि काहीच माहीत नाही, या ओळीत आठ माणसं आहेत ना? मला सातच ऐकू येताहेत. आठवं कुठेय?"

मास्तरणीच्या पिशवीत पाकीट होतं. त्यातलं एक वाक्य जरी पडद्यावर आलं असतं, तर या दोघांनी काय, साऱ्या विद्यापीठाने मान डोलावली असती. टीव्ही बघण्यासाठी लावलेला नसतो, याचा याहून पक्का पुरावा जगात कुणाकडे नव्हता.

"आठवे माझे वडील आहेत," ती म्हणाली. "पाहणीत ते चिठ्ठीने आले. मुलाखत माझ्या सहकारी मैत्रिणीने घेतली. हे सगळं प्रबंधात लिहिलंय. त्यांच्या बाकी बोलण्यातून या ओळीत घालण्यासारखं काही नाही. जे आहे, ते त्यांनी अभ्यासात घालू नये म्हणून सांगितलंय."

"महत्त्वाचं आहे का?" आकडेसरांनी विचारलं.

"सगळ्यात महत्त्वाचं आहे."

"मग परवानगी मागा की पुन्हा. वडीलच तर आहेत."

"नाही मागणार, सर." "सातांवर माझं म्हणणं उभं राहत नसेल, तर ते आठव्याने उभं करण्यात अर्थ नाही. आणि राहत असेल, तर आठव्याची गरज नाही."

मुलाखतबाई तक्त्यापासून वळल्या आणि जागेवर येऊन बसल्या. "सातांवर राहतं," त्या म्हणाल्या. आकडेसरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "एकोणीस राहू द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या फेऱ्याचे प्रश्न छापण्याआधी मला दाखवा." या दोघांनी एकाच कागदावर, एकाच दिवशी, भांडण न करता सही केल्याची विभागातली ही पहिलीच वेळ असावी.

बाहेर व्हरांड्यात आकडेसरांनी तिला गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आमच्याकडेही दिवसभर चालू असतो. आम्ही दोघं कामावर. कुत्रा एकटा असतो ना." आणि उत्तराची वाट न बघता झपाझप निघून गेले.

संध्याकाळी विभागातून निघताना मास्तरणीने रोजच्यासारखा फोन हातात घेतला आणि फाटकाशी अडखळली. आता काय बोलायचं? बाबा, वाचलं मी, असं म्हणायचं? मला माहीत नव्हतं म्हणायचं? हे तिला जमणारं नव्हतं, आणि त्यांना ऐकणं तर त्याहून जमणारं नव्हतं. चार पावलं चालली, थांबली, मग लावलाच फोन.

पलीकडे तेच. चारपाच माणसं एकदम ओरडत होती, ढोल बडवत होते. नेहमीपेक्षा मोठ्यानेच.

"बोल, मास्तरीण," वडील म्हणाले. आवाजात किंचित भीती होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखी.

तिने मोठा श्वास घेतला.

"बाबा," ती कडाडली, "हा काय बाजार मांडलाय? कान शिल्लक ठेवायचेत की नाही? शेजारचे काय म्हणत असतील? आणि डोळे दाखवून आलात का? नाही ना? मला वाटलंच!"

"बातम्या महत्त्वाच्या आहेत," वडील म्हणाले. त्यांचा आवाज एकदम सैल झाला होता.

"कोणत्या? सांगा बघू एक! पाचात शून्य मिळालेल्या माणसाने मला सांगू नये!"

"ती प्रश्नपत्रिकाच चुकीची होती."

"ते मलाही कळलंय! तरी अभ्यास करायचा नाही म्हणजे काय?"

आणि मग जे भांडण जुंपलं, ते बसथांबा ओलांडून गेलं, भाजीवाल्याच्या गाडीपाशी थोडं थांबलं, कारण वडिलांनी विचारलं आज काय भाजी करतेस, आणि तिने सांगितलं, आणि त्यांनी ती कशी बिघडवू नये हे सांगितलं, आणि त्यावरूनही भांडण झालं. मग आई ती भाजी कशी करायची यावर आलं. मग आईवर. जिना आला तरी ती वर गेली नाही. खालच्याच पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसली. नवऱ्याने वरून वाकून बघितलं आणि काही न विचारता आत गेला.

बऱ्याच वेळाने ती एक वाक्य बोलून श्वास घ्यायला थांबली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पलीकडे अगदी शांत आहे. टीव्ही कधीच बंद झाला होता. कधी, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"मग? पुढे काय म्हणत होतीस?" वडील म्हणाले.